पेशंट सॅटिस्फॅक्शनची प्रश्नावली: वॉर्डात नेण्याआधी काय करायचं आणि कुठल्या क्रमाने

दरवर्षी फायनल इयरचे ग्रुप डेटा घेऊन येतात आणि निकाल ठरलेला असतो, जवळजवळ सगळे पेशंट "अतिशय समाधानी". कारण विचारलं तर म्हणतात, मॅडम आमच्या हॉस्पिटलचं नर्सिंग चांगलंच आहे. असेलही, पण तुमच्या प्रश्नावलीवरून ते कळत नाही, कारण युनिफॉर्म घालून बेडशेजारी उभं राहून "सिस्टर चांगल्या वागतात का" असं विचारल्यावर उद्या त्याच सिस्टरकडून इंजेक्शन घ्यायचं असलेला माणूस दुसरं काय सांगणार? तर प्रश्नावली अशी बनवायची की पेशंटला खरं सांगायला जागा राहील, आणि ती तशी झालीय का ते डेटा घेण्याआधीच तपासायचं.

उदाहरण म्हणून एकच केस शेवटपर्यंत धरूया: पाच जणांचा ग्रुप, जनरल सर्जरीचे पुरुष आणि स्त्री असे दोन वॉर्ड, मेन स्टडीला 60 पेशंट. 22 प्रश्नांपासून सुरुवात करून 18 वर येऊ. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून घेतलेत, तुमचे वेगळे येतील.

## टप्पा 1: एका कागदावर तीन गोष्टी लिहा

प्रश्न लिहायला अजिबात सुरुवात करू नका. आधी हे ठरवा:

1. नर्स म्हणजे कोण? पेशंटच्या दृष्टीने पांढरे किंवा निळे कपडे घातलेली प्रत्येक बाई सिस्टर असते. स्टाफ नर्स, इंटर्न, तुमच्यासारखे स्टुडंट, कधीकधी तर मावशीसुद्धा. बेडपॅन वेळेवर मिळालं नाही हा राग मावशींवरचा असतो आणि तो नर्सिंग केअरच्या स्कोअरमध्ये येऊन बसतो. म्हणून सुरुवातीलाच एक वाक्य ठेवा, जे प्रत्येक पेशंटला वाचून दाखवायचं: "सिस्टर किंवा ब्रदर म्हणजे जे तुम्हाला इंजेक्शन देतात, सलाईन लावतात, बीपी बघतात ते. मावशी, मामा आणि डॉक्टर यांच्याबद्दल हे प्रश्न नाहीत."
2. पेशंट कोण? आपल्या उदाहरणात 18 वर्षांवरचा, या वॉर्डात किमान तीन दिवस राहिलेला, मराठी समजणारा, शुद्धीवर असलेला. काल रात्री ॲडमिट झालेल्याला समाधानाबद्दल विचारून काय मिळणार, त्याने अजून तिन्ही शिफ्टच्या सिस्टर पाहिलेल्याच नसतात.
3. कशाकशाबद्दल? चार भाग पुरे: माहिती सांगणं, हाकेला येणं, दुखणं आणि प्रोसिजरच्या वेळची काळजी, वागणूक आणि आडपडदा. जेवण, स्वच्छता, पंखा, बिल हे नर्सिंग केअर नाही. दरवर्षी कोणीतरी "वॉर्डातील टॉयलेट स्वच्छ असते" हा प्रश्न घालतंच.

तयार प्रश्नावली वापरायची असेल तरी हा कागद लागतोच. लाशिंजर आणि सहकाऱ्यांची 2005 ची 19 प्रश्नांची प्रश्नावली बरेच जण घेतात, वाईट नाही, पण ती वापरायला परवानगी मागावी लागते, भाषांतर आणि उलट भाषांतर करावं लागतं, आणि आपल्या वॉर्डात बसते का ते तरीही तपासावं लागतं. मूळ प्रश्नावली व्हॅलिड आहे म्हणजे तुमचं मराठी भाषांतरही व्हॅलिड आहे असं होत नाही.

तपासा: ग्रुपमधल्या पाचही जणांना वेगवेगळं बसवून "या स्टडीत नर्स म्हणजे कोण" असं लिहायला सांगा. उत्तरं वेगळी आली तर पुढे जाऊ नका.

## टप्पा 2: प्रश्न मराठीतच लिहा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण पुढच्या बहुतेक चुका इथेच जन्माला येतात.

नेहमीची पद्धत अशी की गाईडला दाखवायचं म्हणून इंग्लिशमध्ये प्रश्न लिहायचे, मग रात्री बसून मराठी करायचं. त्यातून "परिचारिका माझ्या गोपनीयतेचा आदर राखतात" असलं काहीतरी निघतं. असं कोणी बोलतं का? एका ग्रुपने "खासगीपणा जपला जातो का" असं विचारलं होतं, आजोबा म्हणाले, "हे सरकारी आहे ना बाळा, खासगी कुठलं." त्यांचं उत्तर बरोबरच होतं, प्रश्न चुकला होता. पेशंट मराठी बोलणारे असतील तर आधी मराठीत लिहा, रिपोर्टला लागणारं इंग्लिश नंतर करा.

शब्द गोळा करायला वेगळं कुठे जायला नको. पोस्टिंगला असताना पेशंट काय बोलतात ते कान देऊन ऐका. "सलाईन संपली तरी कोणी येईना." "नाव न घेता बेड नंबरनेच हाक मारतात." "सुई टोचायच्या आधी कशाची ते सांगत नाहीत." हीच वाक्यं तुमचे प्रश्न आहेत. फक्त कुणाचं नाव किंवा बेड नंबर वहीत टिपू नका, हा तुमचा डेटा नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मत विचारू नका, काय घडलं ते विचारा. "सिस्टर तत्पर आहेत का" याला हो म्हणणं सोपं असतं, त्यात कुणाचीच चुगली होत नाही आणि सांगायला काही आठवावंही लागत नाही. पण "तुम्ही किंवा नातेवाईकांनी बोलावलं तेव्हा सिस्टर लगेच आल्या किंवा किती वेळात येतील ते सांगितलं, असं किती वेळा झालं" असं विचारलं की माणूस थांबतो, आठवतो, आणि म्हणतो, "दिवसा येतात, रात्रीचं विचारू नका." मिळाली की तुम्हाला माहिती.

चारही भागांतले नमुने बघा, डावीकडे नेहमी येतो तसा, उजवीकडे बदललेला:

- "परिचारिका औषधांची माहिती देतात" → "औषध किंवा इंजेक्शन देताना ते कशासाठी आहे ते सिस्टरनी सांगितलं"
- "परिचारिका वेदना व्यवस्थापन करतात" → "दुखतंय म्हणून सांगितल्यावर सिस्टरनी काहीतरी केलं किंवा डॉक्टरांना कळवलं"
- "गोपनीयता जपतात" → "ड्रेसिंग करताना किंवा कपडे बाजूला करताना सिस्टरनी पडदा लावला"
- "परिचारिका नम्र व सहकार्यशील आहेत" → "सिस्टर तुमच्याशी नीट बोलल्या"

शेवटच्या ओळीत बघा, नम्र आणि सहकार्यशील या दोन गोष्टी होत्या. बोलायला गोड पण कामाला न येणारी सिस्टर असली तर पेशंटने काय सांगायचं? वाक्यात "आणि", "व", "तसेच" दिसलं की थांबा आणि विचारा की यात दोन प्रश्न लपलेत का. दोन असतील तर तोडा.

उलट प्रश्न, म्हणजे ज्यात "नेहमी" हे वाईट उत्तर आहे, दोन तरी ठेवा. "हाक मारूनही सिस्टर आल्या नाहीत" आणि "सिस्टर तुमच्यावर किंवा नातेवाईकांवर चिडून बोलल्या". डोळे मिटून सगळ्याला "नेहमी, नेहमी" म्हणणारा पेशंट इथे पकडला जातो. मात्र नकाराची वाक्यं "सहमत, असहमत"सोबत लावू नका, "सिस्टर चिडल्या नाहीत, असहमत" याचा अर्थ लावताना आपणच गोंधळतो तर पेशंटचं काय होईल.

आणि एक, प्रश्न प्रत्येकाला लागू पडेल असाच हवा. "कॅथेटर काढताना सिस्टरनी काळजी घेतली" हा प्रश्न ज्याला कॅथेटरच नव्हता त्याला काय विचारणार? "लागू नाही" हा पर्याय दिला की पुढे टोटल करताना गडबड होते (ते टप्पा 6 मध्ये येतंच आहे). ड्रेसिंगचा प्रश्न सर्जरी वॉर्डात चालतो, मेडिसिन वॉर्डात चालणार नाही.

सावध: डिस्चार्जच्या सूचनांचा प्रश्न ठेवायचा असेल तर पेशंटला डिस्चार्ज कार्ड मिळाल्यावरच भेटा. आदल्या दिवशी विचारलंत तर सगळे "कधीच नाही" म्हणतील आणि तुम्ही लिहाल की नर्स सूचना देत नाहीत.

## टप्पा 3: उत्तरांचे पर्याय आणि मार्क

पाच पर्यायांची "पूर्णपणे सहमत ते पूर्णपणे असहमत" ही पट्टी कॉलेजमध्ये सवयीने वापरतात. लिहिता-वाचता येणाऱ्याला ठीक, पण आपल्या वॉर्डातल्या मावशीआजींना "सहमत" आणि "पूर्णपणे सहमत" यातला फरक तोंडी सांगून बघा, तुम्हीच दमाल. प्रश्न घडलेल्या गोष्टीचे आहेत तर उत्तरंही तशीच ठेवा:

- कधीच नाही: 1
- कधीकधी: 2
- बऱ्याचदा: 3
- प्रत्येक वेळी: 4

दोन उलट प्रश्नांना मार्क उलटे. नियम साधा, 5 मधून मिळालेला आकडा वजा करायचा, म्हणजे "कधीच नाही" ला 4. हे उलटं करणं एक्सेलमध्ये करा, प्रश्न विचारणाऱ्याने जागेवर डोक्यात करू नका, कारण एक जण करतो आणि दुसरा विसरतो.

शेवटी एकच वेगळा प्रश्न: "एकंदर सिस्टरांच्या कामावर तुम्ही किती खूश आहात", 1 ते 4. हा टोटलमध्ये धरायचा नाही. का ते पुढे कळेल.

प्रश्न विचारायचे कसे हेही आत्ताच ठरवा. काही पेशंट स्वतः भरणार आणि काहींना वाचून दाखवणार असं मिसळू नका, सगळ्यांना वाचून दाखवा. चार पर्याय मोठ्या अक्षरात कार्डावर छापून पेशंटच्या हातात द्या, वाचता येत नसेल तर एक, दोन, तीन, चार गोल असलेलं कार्ड चालतं.

## टप्पा 4: एक्सपर्ट, सही नव्हे तर मार्क

व्हॅलिडिटी सर्टिफिकेट म्हणजेच व्हॅलिडिटी, हे आधी डोक्यातून काढा. फाईल घेऊन केबिनबाहेर उभं राहायचं, मॅडम दोन मिनिटं चाळतात, "छान आहे" म्हणतात, सही शिक्का. असल्या पाच सह्यांनी काही सिद्ध होत नाही.

सहा जण घ्या. सगळे आपल्याच कॉलेजचे टीचर नकोत. दोन मेडिकल-सर्जिकल नर्सिंगचे टीचर (त्यातला एक तरी बाहेरच्या कॉलेजचा), एक वॉर्ड इनचार्ज सिस्टर, एक अनुभवी स्टाफ नर्स, एक सर्जन, एक नर्सिंग ॲडमिनिस्ट्रेशनमधल्या. इनचार्ज सिस्टरना वगळू नका, वॉर्डात काय घडतं आणि काय घडूच शकत नाही ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत. स्टॅटिस्टिशियनला मार्कांची पद्धत दाखवा, पण त्याला या सहांत मोजू नका. पडद्याचा प्रश्न योग्य आहे का हे तो कसं सांगणार?

प्रत्येकाला चार गोष्टी द्या: स्टडीचा उद्देश, टप्पा 1 मधला नर्स आणि पेशंट कोण हा कागद, चार भागांचा अर्थ, आणि तक्ता. कॉलेजच्या ठरलेल्या फॉर्मवर "योग्य, बदल हवा, अयोग्य" असे तीन रकाने असतात. त्याऐवजी चार करा: 1 संबंध नाही, 2 थोडा संबंध पण बराच बदल हवा, 3 संबंध आहे, किरकोळ बदल हवा, 4 पूर्ण संबंध. शेजारी रिकामी जागा, काय बदलायचं ते लिहायला. आणि शेवटी एक ओळ: "काही विचारायचं राहून गेलंय का?" ही ओळ बहुतेक ग्रुप विसरतात आणि राहिलेला प्रश्न शेवटी व्हायव्हात समोर येतो.

आता हिशोब. एका प्रश्नाला सहापैकी किती जणांनी 3 किंवा 4 दिले, भागिले सहा. हा त्या प्रश्नाचा कंटेंट व्हॅलिडिटी इंडेक्स. सहा किंवा जास्त एक्सपर्ट असतील तर 0.78 च्या वर हवा, पाच किंवा कमी असतील तर पाचही जणांचं एकमत हवं, म्हणजे 1. म्हणूनच सहा घ्यायला सांगतेय, पाचांत एक जण जरी नाही म्हणाला तरी प्रश्न गेला.

आपल्या उदाहरणात 22 प्रश्न. समजा 17 प्रश्नांना सहापैकी सहा मिळाले, 3 प्रश्नांना पाच (0.83), आणि 2 प्रश्नांना चार (0.67). ते दोन होते "सिस्टर हसतमुख असतात" आणि "सिस्टरना त्यांच्या कामाचं ज्ञान आहे". दुसऱ्यावर इनचार्ज सिस्टरनी शेरा लिहिला: "पेशंटला कसे कळणार?" खरंच आहे, काढा दोन्ही. उरले 20, त्यांची सरासरी (17 अधिक 2.5) भागिले 20, म्हणजे 0.975. पूर्ण प्रश्नावलीची सरासरी 0.90 किंवा जास्त हवी, झालं.

सावध: 0.67 चा प्रश्न सुधारून ठेवायचा असेल तर तो सुधारलेला प्रश्न पुन्हा एक्सपर्टना दाखवून पुन्हा मार्क घ्या. जुने मार्क नवीन वाक्याला चिकटत नाहीत.

## टप्पा 5: परवानगी, मग सहा पेशंटसोबत वाचन

आता एथिक्स कमिटी. पायलट सुद्धा पेशंटवरच असतो, त्यामुळे "आधी पायलट उरकू, एथिक्सला मेन स्टडीच्या वेळी जाऊ" हे चालत नाही. अर्जात स्पष्ट लिहा की ट्रायलनंतर प्रश्नांच्या शब्दांत बदल होऊ शकतो आणि बदललेली प्रत कमिटीला देऊ. सोबत मेडिकल सुपरिटेंडेंट, मेट्रन आणि वॉर्ड इनचार्ज यांची परवानगी. संमतीपत्र मराठीत, आणि त्यात हे वाक्य पाहिजेच: "उत्तर दिलं किंवा नाही दिलं तरी तुमच्या उपचारावर काही फरक पडणार नाही, आणि वॉर्डातल्या सिस्टरना तुमचं उत्तर दाखवलं जाणार नाही." फॉर्मवर नाव नको, बेड नंबर नको, फक्त कोड.

परवानगी मिळाली की आकडेमोडीचा पायलट लगेच करू नका. आधी सहा पेशंट घ्या, तीन स्त्रिया तीन पुरुष, त्यात दोन तरी शाळेत न गेलेले. एकेक प्रश्न वाचा, उत्तर घ्या, आणि मग विचारा: "मी काय विचारलं ते तुमच्या शब्दांत सांगा" आणि "हे उत्तर देताना काय आठवलं?" हे सगळ्यात स्वस्त काम आहे, दोन दिवसांत होतं, आणि तरी बहुतेक ग्रुप हेच गाळतात.

काय काय सापडतं बघा. "औषध देताना ते कशासाठी आहे ते सिस्टरनी सांगितलं" याला काकू म्हणाल्या प्रत्येक वेळी, आणि काय आठवलं विचारल्यावर म्हणाल्या, "डॉक्टर राउंडला येऊन सांगतात की." म्हणजे प्रश्नात सिस्टर हा शब्द शेवटी होता तो निसटला. "सिस्टरनी औषध देताना..." असं सिस्टर पुढे आणलं की सुटतं. "बऱ्याचदा" आणि "कधीकधी" यात गोंधळ होत असेल तर कार्डावर "दहापैकी सात-आठ वेळा" आणि "दहापैकी दोन-तीन वेळा" असं लिहा.

तपासा: सहापैकी दोघांनी प्रश्नाचा वेगळा अर्थ घेतला तर वाक्य बदला आणि बदललेलं वाक्य आणखी दोन-तीन पेशंटना ऐकवा. एकानेच घेतला तर त्याने काय म्हटलं ते वाचून ठरवा.

## टप्पा 6: पायलट आणि अल्फा

पायलट म्हणजे सॅम्पलचे 10 टक्के हा कॉलेजचा पाठ आहे. 60 चे 10 टक्के म्हणजे 6, फॉर्म भरायला किती वेळ लागतो हे कळायला ते ठीक आहेत, पण सहा पेशंटवर काढलेली रिलायबिलिटी म्हणजे नाणं उडवण्यासारखं आहे, एक पेशंट बदलला की आकडा बदलतो. किमान 30 घ्या. त्याच प्रकारचा दुसरा वॉर्ड किंवा दुसरं हॉस्पिटल घ्या, आणि हे 30 मेन स्टडीच्या 60 मध्ये मिसळू नका.

प्रश्न कोण विचारतो याकडे बघा. त्या वॉर्डात पोस्टिंग नसलेला स्टुडंट, साध्या कपड्यात, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र. ड्युटीवरच्या सिस्टर पाच फुटांवर ट्रॉली लावत असताना विचारू नका. डिस्चार्ज कार्ड हातात आलेलं आहे पण अजून निघालेला नाही, ही वेळ सगळ्यात चांगली, पेशंटला भीती कमी असते. नातेवाईक मध्येच उत्तर देतात, "अहो चांगलंच करतात की सगळे." त्यांना गोड बोलून थांबवा, उत्तर पेशंटचंच घ्या.

मग एक्सेल. इथे क्रॉनबाखचा अल्फा काढायचा, म्हणजे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा रिलायबिलिटीचा आकडा. प्रत्येक ओळ एक पेशंट, प्रत्येक कॉलम एक प्रश्न. 20 प्रश्न B पासून U पर्यंत, पेशंट ओळ 2 ते 31. उलट प्रश्न आधी उलटे करून घ्या. V कॉलममध्ये टोटल, ओळ 33 मध्ये व्हेरियन्स:

```
V2:   =SUM(B2:U2)          (V31 पर्यंत ओढा)
B33:  =VAR.S(B2:B31)       (U33 पर्यंत ओढा)
V33:  =VAR.S(V2:V31)
अल्फा: =(20/19)*(1-SUM(B33:U33)/V33)
```

समजा 20 प्रश्नांच्या व्हेरियन्सची बेरीज 9.5 आली आणि टोटलचा व्हेरियन्स 42. मग 9.5 भागिले 42 म्हणजे 0.226, एकातून वजा 0.774, गुणिले 20/19, अल्फा 0.81. सहसा 0.70 च्या वर चालतो. 0.95 च्या वर गेला तर खूश होऊ नका, बहुतेक एकच प्रश्न तुम्ही वेगवेगळ्या शब्दांत पाच वेळा विचारलाय.

सावध: रिकामा चौकोन SUM मध्ये शून्य धरला जातो. एका पेशंटने तीन प्रश्न सोडले की त्याची टोटल खाली जाते आणि अल्फा खोटा येतो. अल्फासाठी पूर्ण भरलेल्याच ओळी घ्या, आणि सूत्रातली 2 ते 31 ही हद्द त्याप्रमाणे बदला.

अल्फा कमी आला तर प्रश्न काढत सुटण्याआधी उलट प्रश्न खरंच उलटे केलेत का ते बघा, निम्म्या वेळा घोळ तिथेच असतो.

आता अल्फापेक्षा महत्त्वाच्या दोन गोष्टी बघा.

एक, सगळ्यांचं एकच उत्तर. प्रत्येक प्रश्नाला 30 पैकी किती जणांनी 4 दिले ते मोजा. समजा "सिस्टर तुमच्याशी नीट बोलल्या" याला 29 जणांनी 4 आणि एकाने 3 दिला. व्हेरियन्स 0.03. हा प्रश्न काहीच सांगत नाही, आणि शब्द बघितले तर कारणही कळतं, हा मत विचारणारा प्रश्न आपल्या हातून राहून गेला होता. काढा. पण "इंजेक्शन देण्याआधी सिस्टरनी तुमचं नाव विचारलं" याला 28 जणांनी 4 दिला असेल तर घाई नको, कदाचित त्या वॉर्डात खरंच विचारतात. दुपारच्या एका राउंडला उभं राहून बघा. खरं असेल तर प्रश्न ठेवा, तो तुमचा निकाल आहे.

दोन, कळपात न बसणारा प्रश्न. प्रत्येक प्रश्नाचं बाकीच्या टोटलशी किती जुळतं ते बघा:

```
=CORREL(B2:B31,$V$2:$V$31-B2:B31)
```

जुन्या एक्सेलमध्ये हे टाकून Ctrl+Shift+Enter दाबा. 0.30 च्या खाली असेल तर प्रश्नाकडे परत बघा. आपल्या उदाहरणात "सिस्टर नातेवाईकांना भेटू देतात" याला 0.08 आला. विचार केला तर ते सिस्टरच्या हातात कुठे असतं, भेटण्याची वेळ हॉस्पिटल ठरवतं. सहाही एक्सपर्टच्या नजरेतून सुटला, पायलटमध्ये सापडला. काढला. उरले 18, अल्फा 18 वर पुन्हा काढा, आणि सूत्रात 20/19 च्या जागी 18/17 करायला विसरू नका.

अल्फा चांगला आला म्हणजे प्रश्नावली खरं मोजते असं नाही हेही लक्षात ठेवा. प्रत्येक प्रश्नाला हो म्हणणारे पेशंट भरपूर असले तरी अल्फा वरच जातो. म्हणून दोन उलट प्रश्न कामाला येतात, उलटे करण्याआधीच्या शीटमध्ये ज्यांनी 20 च्या 20 प्रश्नांना एकच उत्तर दिलं असे किती ते मोजा. दोनपेक्षा जास्त निघाले तर विचारण्याची पद्धत तपासा, कोणाचे फॉर्म आहेत तेही बघा, कधीकधी ते सगळे एकाच स्टुडंटने घाईत भरलेले निघतात. आणि शेवटच्या "एकंदर किती खूश" या प्रश्नाचा टोटलशी CORREL काढा. टोटल जास्त असलेले खूशही जास्त असतील तर बरं, काहीच संबंध नसेल तर तुम्ही समाधानाऐवजी दुसरंच काहीतरी मोजताय. 30 पेशंटवर हा अंदाजच आहे, रिपोर्टमध्येही अंदाज म्हणूनच लिहा.

टेस्ट-रीटेस्ट करू का असं विचारतात. करू नका. आठवड्याने पेशंट घरी असतो, आणि वॉर्डातच असला तर मधल्या काळात त्याची केअर बदललेली असते, उत्तर बदललं तर दोष प्रश्नावलीचा की केअरचा हे कळत नाही. केआर-20 हे बरोबर-चूक उत्तरांच्या नॉलेज टेस्टसाठी आहे, इथे नाही. फॅक्टर ॲनालिसिस 30 किंवा 60 पेशंटवर करू नका, चार भाग आपण विचार करून पाडलेत एवढंच लिहा.

## टप्पा 7: गोठवा आणि मगच मेन स्टडी

मेन स्टडीचा पहिला फॉर्म भरण्याआधी स्कोअरिंग कागदावर लिहून गाईडची सही घ्या. 18 प्रश्न, कमीत कमी 18, जास्तीत जास्त 72. दरवर्षी कोणाच्या तरी रिपोर्टमध्ये "0 ते 24 कमी समाधान" असतं, शून्य मिळणं शक्यच नाही. तीन गट लागणारच असतील तर 54 चे तीन सारखे भाग करा: 18 ते 36, 37 ते 54, 55 ते 72. पण हे कप्पे आपण पाडलेले आहेत, त्याला दुसरा आधार नाही, तसं रिपोर्टमध्ये लिहा आणि प्रत्येक प्रश्नाचा वेगळा तक्ताही द्या. वॉर्ड इनचार्जला "73 टक्के समाधानी" याचा उपयोग शून्य, पण "पडदा कधीच लावला नाही म्हणणारे किती" याचा होतो.

डेटा बघून कप्पे बदलायचे नाहीत. मध्येच प्रश्न बदलायचा नाही, चूक दिसली तरी नाही, ती मर्यादांमध्ये लिहा. हिंदी किंवा कन्नड बोलणारा पेशंट आला तर जागेवर तोंडी भाषांतर करू नका, पाच स्टुडंट पाच वेगळे प्रश्न विचारतील. तुमच्या निकषात "मराठी समजणारा" लिहिलंय, तो पाळा.

छापण्याआधी शेवटचं: सुधारलेली प्रत एथिक्स कमिटीला दिली का, पाचही जणांकडे एकच प्रत आहे का (फाईलच्या नावात तारीख टाका, फोनमध्ये "फायनल", "फायनल 2", "फायनल नक्की" अशा तीन प्रती फिरत असतात), आणि काढलेले चार प्रश्न खरंच काढले गेलेत का. एक प्रत छापून शेवटचा प्रश्न सोडून बाकीचे बोटाने मोजा. अठरा भरले पाहिजेत.